‘ज्ञात-अज्ञात’ हे कोणाचं नाव आहे?

काल्याचं कीर्तन संपत आलेलं असतं. बाराचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरलेलं असतं, मागच्या बाजूला डाळीच्या कढईखालचे ओंडके ओढून बाहेर काढलेले असतात, लहान पोरं वर टांगलेल्या दहीहंडीकडे बघत आयांच्या मांडीवर चुळबुळत असतात. अशा वेळी कमिटीतला एक जण उठतो, माइकवर दोनदा टिचकी मारतो आणि म्हणतो, ‘महाप्रसादाकडे वळण्याआधी फक्त दोन मिनिटं.’ ही दोन मिनिटं कधीच दोन नसतात, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अर्ध्या तासानं ती संपतात तेव्हा शेवटचं वाक्यही सगळ्यांना पाठ असतं: ‘ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी सहकार्य केलं त्यांचे आभार, आणि कोणाचं नाव अनवधानानं राहिलं असल्यास क्षमस्व.’

माझं भांडण या वाक्याशी आहे. अखंड हरिनाम सप्ताहाच्या समारोपातलं हे सर्वांत नम्र वाटणारं आणि सर्वांत उर्मट वाक्य आहे, असं माझं मत आहे. हे मत मी बाहेरून येऊन बनवलेलं नाही. मी स्वतः हे वाक्य आमच्या गावच्या सप्ताहात माइकवरून म्हटलं आहे, आणि त्याची किंमत काय असते तेही पाहिलं आहे.

गोदावरीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. सप्ताह चैत्रात बसतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि त्या आठवड्यात सुट्टी काढून गावी जातो. तीन वर्षांपूर्वी कमिटीनं मला सांगितलं, ‘तू शिकलेला आहेस, बोलतोस नीट, आभार तुझ्याकडे.’ आदल्या रात्री चार पानी यादी हातात आली. पहिल्या पानावर पदाधिकारी, आजी आणि माजी. पुढच्या अडीच पानांवर देणगीदार, रकमेच्या उतरत्या क्रमानं. मग सात दिवसांचे सात कीर्तनकार. चौथ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं: ‘मंडप, साउंड, आचारी, महिला मंडळ, विणेकरी, तरुण मंडळ व सहकारी.’

मी ती यादी वाचली. एका मित्रानं मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, म्हणून नंतर मोजता आली. एकूण २३ मिनिटं. त्यात १४३ देणगीदारांना, एका नावाला सरासरी सहा सेकंद धरून, १४ मिनिटं गेली. पदाधिकाऱ्यांना पाच, कारण त्यांची पदं लांब असतात. कीर्तनकारांना दोन. उरलेल्या दोन मिनिटांत, क्षमायाचनेसकट, सात दिवस राबलेली सगळी माणसं.

त्या दुपारी पंगती उठल्यावर मी पाणी प्यायला मागे गेलो. तिथे भांडी घासायचं काम चाललं होतं. ज्या पातेल्यात उभं राहून आत हात घालावा लागतो, तसली पातेली. एक मावशी राख लावता लावता हसून म्हणाल्या, ‘भाषण चांगलं केलंस. पण महिला मंडळ म्हणजे आम्ही नाही बरं का.’ खरंच होतं. महिला मंडळ पुढच्या रांगेत, एकसारख्या साड्या नेसून, आरतीच्या ताटाशी होतं. त्यांचंही काम होतं, नाही असं नाही. पण सात दिवस दोन वेळची भांडी घासणाऱ्या या बायका ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या, आणि त्या कुठल्याच मंडळात नव्हत्या. त्यांच्या कामाचे आभार मी माइकवरून दुसऱ्यांना देऊन टाकले होते. नाव विसरणं एक वेळ चालेल, पण ही चूक त्याहून मोठी होती. आणि ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये त्या आल्याच की, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अज्ञात कोणाला? त्या मावशी मला लहानपणापासून ओळखतात.

दुसरी किंमत वर्षभरानं कळली. ज्यांना सप्ताहाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: सप्ताह ‘अखंड’ असतो तो विण्यामुळे. पहिल्या दिवशी विणा उभा राहिला की सात दिवस तो खाली टेकवायचा नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, सोबत दोन-चार टाळकरी, आणि नाम चालू. आमच्याकडे दोन-दोन तासांचा पहारा असतो. दिवसाला १२, सात दिवसांचे ८४. पहाटेच्या काकड्याला माणसं असतात, सकाळच्या पारायणाला असतात, संध्याकाळच्या हरिपाठाला आणि रात्रीच्या कीर्तनाला तर मांडव पुरत नाही. पण रात्री दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो. ती वेळ माणसाची नाहीच. कित्येक वर्षं आमच्या गावात तो पहारा सातही रात्री एकच आजोबा धरत आले होते. सत्तरीच्या पुढचे, फारसं न बोलणारे. माझ्या यादीत ते ‘विणेकरी’ या एका शब्दात होते.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा आदल्या वर्षीही दुखत होता. त्यांना माझ्या भाषणाचा राग आला होता असं मी म्हणत नाही. तसं ते कधी बोलले नाहीत, आणि बोलणाऱ्यातले ते नव्हतेच. पण त्या वर्षी दोन ते चार या वेळेला आम्ही सात तरुण पोरांनी एकेक रात्र वाटून घेतली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो पहारा म्हणजे काय. विणा जड नसतो, पण तासाभरानं खांदा तुटतो. सव्वातीनला झोप उभ्या उभ्या येते. समोर फक्त दोन टाळकरी आणि मांडवात शिरलेलं एक कुत्रं. आणि कोणी बघत नसताना तो विणा पाच मिनिटं खुंटीला अडकवला तर सकाळी कोणालाही कळणार नाही. ते आजोबा इतकी वर्षं तो अडकवत नव्हते.

माझ्या नोकरीत अशाच पाळ्या असतात. सर्व्हर रात्री बंद पडला आणि कोणी उठून चालू केला, तर सकाळी त्याचं कौतुक होतं. ज्याच्या पाळीत काहीच बिघडलं नाही त्याला कोणी विचारत नाही. चांगलं झालेलं काम मागे खूण ठेवत नाही, म्हणून ते यादीत येत नाही. सप्ताहातली निम्मी कामं या जातीची आहेत. पाणी संपलं नाही, लाइट गेली नाही, कोणाला उलटी-जुलाब झाले नाहीत, चपला चोरीला गेल्या नाहीत. न घडलेल्या गोष्टींचे आभार मानायचे तर त्या कोणी घडू दिल्या नाहीत हे आधी शोधावं लागतं. डोक्याला ताण देऊन ते सापडत नाही. डोक्याला ताण दिला की मानाची माणसं आठवतात, कारण त्यांना लक्षात ठेवायची आपल्याला सवय असते.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी आभार पुन्हा मागून घेतले आणि यादी घड्याळावरून केली. कागदावर पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे तास उभे लिहिले, आणि प्रत्येक तासासमोर एकच प्रश्न: या वेळी कोण जागं होतं आणि काय करत होतं? पहाटे साडेतीनला काकड्याआधी सडा टाकणारी बाई. चारला पाणी तापवणारा. सहाला पहिला चहा. आठच्या पारायणाआधी सतरंज्या झटकून ग्रंथांची मांडणी करणारी दोन पोरं. अकराला सरपण फोडणारा. चारला साउंडच्या बॅटऱ्या बदलणारा. संध्याकाळी घरोघरून भाकरी गोळा करणारी ट्रॉली. रात्री अकराला कीर्तन सुटल्यावर म्हाताऱ्या बायकांना मळ्यातल्या वस्त्यांवर पोहोचवणारा जीपवाला.

आणि रात्रीचा एक वाजता? मी तिथे थांबलो. कोणीच नसणार, असं वाटलं. आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘एकला तर पाणी येतं ना.’ त्या आठवड्यात शेतीच्या लाइनची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीला होती. विहिरीवरची मोटर तेव्हाच चालायची. एक पोरगा रोज रात्री एकला शेतात जाऊन मोटर टाकायचा, टाकी भरेपर्यंत बसायचा, बंद करून घरी जायचा. दुसऱ्या दिवशी दोन हजार माणसं जेवायची ती त्या पाण्यावर. कमिटीतल्या एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. पाणी ‘यायचं’, एवढंच माहीत होतं.

घड्याळानं माणसं सापडली, पण आता उलटा प्रश्न. ती सव्वाशेच्या वर होती. सगळी नावं वाचली तर पुन्हा २० मिनिटं, आणि डाळ पुन्हा गार. आभारप्रदर्शनाची खरी अडचण इथेच आहे: कोणी सुटू नये आणि लांबूही नये. या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत असं मानूनच ‘व सहकारी’ आणि ‘इत्यादी’ हे शब्द निघाले. मला वाटतं जमतात, पण त्यासाठी नाव कधी घ्यायचं याचा नियम ठरवावा लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा लावावा लागतो.

माणूस दुखावतो केव्हा? आपलं नाव आलं नाही म्हणून क्वचित. आपल्यासारखंच काम करणाऱ्या शेजाऱ्याचं आलं आणि आपलं नाही, म्हणून दुखावतो. ११ जणी भांडी घासत असतील आणि तुम्ही त्यातल्या तिघींची नावं घेऊन ‘व त्यांच्या सहकारी’ म्हणालात, तर तुम्ही तिघींचे आभार मानले नाहीत, आठ जणींना वगळलं. एकीचंही नाव न घेता ‘ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या ११ जणींनी सातही दिवस दोन्ही वेळची भांडी घासली’ असं म्हणालात, तर त्या अकराही जणी त्या वाक्यात बसतात. आकडा महत्त्वाचा आहे. ‘अनेक भगिनी’ म्हटलं की त्यात कोणीही शिरतं. ११ म्हटलं की बारावी शिरत नाही आणि अकरावी सुटत नाही. ऐकणारी मनात मोजते आणि स्वतःला त्यात धरते.

म्हणून नियम असा केला: जे काम एकट्यानं झालं त्याचं नाव घ्यायचं. जे काम गटानं झालं त्यात एकाचंही नाव घ्यायचं नाही. काम, आकडा आणि ठिकाण सांगायचं. गटाचा म्होरक्याही नावानं घ्यायचा नाही. नेमका तोच सर्वांत जास्त रुसेल, हे धरून चालायचं. आणि प्रत्येक नावासोबत क्रियापद हवं. ‘मोलाचं सहकार्य केलं’ हे क्रियापद नाही. मोटर टाकली, सरपण फोडलं, सडा घातला, ही क्रियापदं आहेत. ज्या नावासमोर असं साधं क्रियापद लिहिता येत नाही, ते नाव या यादीतलं नाही. या एका चाळणीनं माझं पहिलं पान पूर्ण रिकामं झालं.

हिशेब असा जमला. एकट्यानं केलेली कामं १९ निघाली, गट आठ. नाव आणि काम मिळून एका माणसाला दहा सेकंद, म्हणजे १९० सेकंद. गटाला १५, म्हणजे दोन मिनिटं. सुरुवात आणि शेवट धरून सव्वासहा मिनिटं. त्यात १३७ माणसं आली, घरोघरच्या भाकऱ्या वेगळ्या. आदल्या वर्षीच्या २३ मिनिटांत काम करणारी किती माणसं आली होती? आचारी, मंडपवाला आणि साउंडवाला. तीन.

भाकऱ्यांचं मोजणं अवघड होतं. आमच्याकडे डाळ मांडवात शिजते आणि भाकरी घरोघरून येते; गंगागिरी महाराजांच्या परंपरेतल्या सरला बेटाच्या मोठ्या सप्ताहामुळे ही पद्धत आमच्या सगळ्या भागात परिचयाची आहे. इथे घरं मोजायची नाहीत, कारण एखाद्या घरी सुतक असतं, एखाद्या घरी बाई बाळंत झालेली असते, आणि मोजलं की ती घरं उघडी पडतात. मी वस्त्यांची नावं घेतली, गावठाणापासून शेवटच्या मळ्यापर्यंत, आणि ‘या वस्त्यांवरच्या चुलींवरून सात दिवस भाकरी आली’ एवढंच म्हटलं. आकडा देणं चांगलं, पण आकड्यामुळे कोणाचं न देणं चव्हाट्यावर येत असेल तिथे तो गिळावा.

आता आक्षेप. ते मला तोंडावर ऐकवले गेले, म्हणून टाळत नाही.

पहिला देणगीदारांचा. ‘नाव वाचलं नाही तर पुढच्या वर्षी पावती कोण फाडेल?’ रास्त आहे. सप्ताहाला पैसा लागतो आणि देणाऱ्याचं नाव घेण्यात काही पाप नाही. पण त्यासाठी सात संध्याकाळी आहेत. ज्या दिवशी ज्याची पंगत, त्या दिवशी कीर्तनाआधी त्याचं नाव आणि नारळ-उपरणं. बाकीच्या देणग्या रोज वीस-वीस करून हरिपाठानंतर वाचल्या की १४३ नावं सात दिवसांत आरामात होतात, शिवाय फलकावर लागतात ती वेगळीच. देणगीदाराला यात तोटा काहीच नाही. काल्याच्या दिवशी भुकेल्या गर्दीत १२७ वं नाव म्हणून येण्यापेक्षा मंगळवारी संध्याकाळी विसातलं एक म्हणून येणं त्यालाही बरं वाटतं. हे आम्ही केलं, आणि फक्त एक देणगीदार नाराज झाला. तो आदल्या वर्षी यादीत पहिला होता.

दुसरा पदाधिकाऱ्यांचा. त्यावर माझं म्हणणं सरळ आहे: येणाऱ्याचं स्वागत होतं, राबणाऱ्याचे आभार. जो पाच मिनिटं आला, दर्शन घेतलं, फोटो काढला आणि गाडीत बसला, त्याचं स्वागत तो आला तेव्हाच झालेलं असतं. तो निघून गेल्यावर, त्याच्या पाठीमागे, त्याचे आभार मानण्यासाठी बायका-पोरांना उन्हात बसवणं हे भक्तीचं काम नाही, दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

तिसरा आक्षेप मंडपवाला आणि आचारी यांच्याबद्दल. ‘त्यांनी पैसे घेतले, मग आभार कसले?’ असं एका काकांनी विचारलं. मी त्यांना विचारलं, ‘काका, महाराजांना बिदागी दिली की नाही?’ दिली. ‘मग शाल का दिली?’ त्यावर ते हसले आणि गप्प झाले. पैसे कामाचे असतात. ठरल्या कामापलीकडे जे केलं त्याचे आभार असतात. तिसऱ्या रात्री वादळ आलं तेव्हा मंडपवाल्याच्या दोन माणसांनी पाऊण तास पावसात दोर धरून ठेवले. ते बिलात नव्हतं.

चौथा आक्षेप सर्वांत भारी आहे, आणि तो वारकऱ्याकडूनच येतो. ‘सेवा नावासाठी करतात का? पांडुरंगाला माहीत आहे ना कोणी काय केलं?’ हे वाक्य मला मनापासून पटतं, आणि म्हणूनच मला ते अर्धवट वापरलेलं सहन होत नाही. नाव नको असेल तर कोणाचंच नको. मग फलक नको, फ्लेक्स नको, रकमेप्रमाणे क्रम नको, मांडवात खुर्च्या नकोत. आमच्याकडे निरिच्छतेची अपेक्षा फक्त भांडी घासणाऱ्यांकडून केली जाते. ज्याच्याकडे पैसा त्याचं नाव माइकवर, आणि जिच्याकडे हात तिचं पांडुरंगाच्या वहीत, अशी ही वाटणी आहे. पांडुरंगाच्या वहीत दोघांचंही असेलच. प्रश्न आमच्या वहीचा आहे.

दुसऱ्या वर्षीच्या भाषणात मी एक गोष्ट जास्तीची केली. विणेकऱ्यांच्या गटाचा आकडा सांगितल्यावर मी म्हटलं, ‘दोन ते चारचा पहारा या वर्षी सात जणांनी मिळून धरला. इतकी वर्षं तो एका माणसानं धरला होता.’ आणि त्यांचं नाव घेतलं. ते मांडवात नव्हते. माझ्या नियमाप्रमाणे ते नाव मागच्या वर्षी घ्यायला हवं होतं. एकट्याचं काम, म्हणून नाव. वर्ष उलटल्यावर ते घेणं म्हणजे उधारी फेडणं होतं. मांडवात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुनी माणसं खाली बघत होती. संध्याकाळी त्यांच्या नातवानं घरी जाऊन सांगितलं असणार, कारण या वर्षी ते एक रात्र येऊन टाळ घेऊन बसले. विणा घेतला नाही. मीही विचारलं नाही.

माझी पद्धत निर्दोष आहे असं म्हणायला मी इथे आलेलो नाही, कारण त्याच सव्वासहा मिनिटांत मीही एकीला विसरलो. देवळाला लागून एक घर आहे. सात दिवस बाहेरगावच्या बायका, टाळकऱ्यांच्या घरच्या मंडळी, मुक्कामी आलेले कीर्तनकार, सगळे त्या घरचं न्हाणीघर आणि संडास वापरत होते. तिथल्या वहिनींनी सात दिवस मागचं दार उघडं ठेवलं, रोज दोनदा धुऊन काढलं, आणि त्यांच्या घरच्या टाकीचं पाणी संपलं तरी बोलल्या नाहीत. घड्याळात त्या सापडल्या नाहीत, कारण त्या कुठल्याच वेळेला कामावर ‘येत’ नव्हत्या. त्यांनी दिली होती ती जागा. तेव्हा कळलं की तासांच्या यादीला वस्तूंची दुसरी यादी जोडायला हवी: विहीर कोणाची, ट्रॉली कोणाची, मोठी पातेली ठेवली ती खोली कोणाची, मांडवाला लाइट कोणाच्या मीटरवरून आली, संडास कोणाचा. वापरून झाल्यावर परत करायची किंवा धुवायची अशी जी जी गोष्ट असते, तिच्यामागे एक माणूस असतो.

नाव राहिलं हे कळल्यावर काय करायचं, याचं उत्तरही ‘क्षमस्व’मध्ये नाही. माइकवर आधीच मागून ठेवलेली क्षमा ही विम्याच्या पॉलिसीसारखी असते: चूक होणार हे मान्य, पण ती शोधण्याचे कष्ट नाहीत. मी त्या संध्याकाळी त्यांच्या मागच्या दाराशी गेलो. म्हटलं, वहिनी, तुमचं राहिलं. त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे रे, संडासाचं काय नाव घेणार माइकवर?’ हे वाक्य मला वर्षभर पुरलं. कारण नेमकं याच भावनेनं यादी बिघडते. जे काम घाण, जे रात्रीचं, जे मागच्या दाराचं, ते सोवळ्या माइकवर बोलायला संकोच वाटतो, आणि आपण त्याला ‘ज्ञात-अज्ञात’ असं सोज्वळ नाव देतो.

या वर्षी काल्याच्या दिवशी पहिलं वाक्य त्यांचं होतं. ‘सात दिवस बाहेरून आलेल्या सगळ्यांसाठी आपलं न्हाणीघर आणि संडास उघडा ठेवला आणि स्वतः धुतला,’ असं स्पष्ट म्हटलं, नावानिशी. पुढच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. मग बायकांच्या बाजूनं एक टाळी आली, आणि मग बऱ्याच.

या वर्षी यादी मी लिहिली नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाकाच्या मांडवातल्या बांबूला सुतळीनं एक शंभर पानी वही आणि पेन बांधून ठेवलं, आणि आचाऱ्याला सांगितलं की जो जो काही आणून देईल किंवा करून जाईल त्याची एक ओळ, काम आधी आणि नाव नंतर. सातव्या दिवशी वही सोडवली तेव्हा तिला हळद आणि धुराचा वास येत होता. अक्षर सहा-सात वेगवेगळ्या लोकांचं होतं. एका पानावर पेन्सिलीनं, बहुधा पाणी आणून देणाऱ्या एखाद्या पोरानं, लिहिलं होतं: ‘वही बांधली.’ पुढे नाव लिहिलं नव्हतं. तेवढं एक राहू दिलं.